लहान कोल्ड रूमसाठी सौर संच किती किलोवॅटचा लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील सर्व हिशेब एकाच उदाहरणाभोवती मांडले आहेत. पुरंदर तालुक्यातील एका शेतकरी गटाला आतून ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच अशी कोल्ड रूम चालवायची आहे, असे धरले आहे. पावसाळ्यात तिच्यात मुख्यतः वाटाणा येईल. उन्हाळ्यात मेथी, कोथिंबीर आणि अंजीर येईल. रोज ५०० किलो ताजा माल आत जाईल, एका वेळी सुमारे दीड टन माल साठलेला असेल आणि आतील तापमान ४ अंश सेल्सिअस राखायचे आहे. आपली खोली वेगळ्या मापाची असल्यास आकडे बदलतील, मात्र हिशेबाची रीत तीच राहील.

विक्रेता सांगतो, “५ टनांच्या कोल्ड रूमला ५ किलोवॅट सोलर पुरते.” हे बरोबर आहे का?

या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण साठवणुकीची क्षमता आणि विजेची गरज यांचा थेट संबंध नसतो. थंड झालेला ५ टन माल आठवडाभर नुसता सांभाळायचा असेल, तर वीज फारच कमी लागते. त्याच खोलीत रोज एक टन गरम माल आणून थंड करायचा असेल, तर गरज कित्येक पटींनी वाढते. म्हणून “खोलीत किती माल मावतो?” यापेक्षा “रोज किती माल आत येतो आणि तो किती गरम असतो?” हा प्रश्न आधी विचारावा.

‘टन’ या शब्दामुळे आणखी एक घोटाळा होतो. यंत्राच्या माहितीपत्रकावरील टन हे वजन नसून थंड करण्याचा वेग असतो, आणि असा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचे यंत्र म्हणजे दीड टन भाजीचे यंत्र, अशी समजूत करून घेतलेले अनेक जण भेटतात. दरपत्रक हाती आल्यावर कोणता टन कोठे लिहिला आहे, हे सर्वप्रथम विचारून घ्यावे.

मग गरज काढायची कशी?

कोल्ड रूममध्ये दिवसभरात जेवढी उष्णता शिरते किंवा आतच निर्माण होते, तेवढी यंत्राला बाहेर टाकावी लागते. ती आपण ‘उष्णतेच्या युनिटां’त मोजू. विजेचे एक युनिट आणि उष्णतेचे एक युनिट दोन्ही ३६०० किलोज्यूलच असतात, त्यामुळे पुढचा हिशेब सोपा होतो.

प्रथम भिंती पाहू. खोलीच्या चार भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. भिंतींना १०० मिलिमीटर जाडीचे चांगले पफ पॅनेल, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे पॅनेल असल्यास आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे दर चौरस मीटरमधून साधारण पाव वॅट उष्णता आत येते. एप्रिलमध्ये दिवसरात्रीचे सरासरी तापमान ३० अंश धरले, तर फरक २६ अंशांचा होतो. ५० गुणिले २६ गुणिले पाव, म्हणजे ३२५ वॅट, अर्थात दिवसाला सुमारे ८ युनिट. जमिनीखाली इन्सुलेशन टाकले नसेल, तर हा हिशेब कोलमडतो. भिंतींवर भरपूर खर्च करून फरशी मात्र तशीच ठेवलेल्या खोल्या पाहायला मिळतात, म्हणून हे आवर्जून लिहिले आहे.

त्यानंतर मालासोबत शेतातून येणारी उष्णता. भाजीत पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने एक किलो माल एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ३.९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ५०० किलो माल २८ अंशांवरून ४ अंशांवर आणायचा, म्हणजे ५०० गुणिले २४ गुणिले ३.९, एकूण ४६,८०० किलोज्यूल. हे १३ युनिट झाले. सगळ्या हिशेबात हाच सर्वांत मोठा आकडा आहे.

तिसरी बाब मालाच्या श्वसनाची. तोडल्यानंतरही भाजीचे श्वसन चालूच असते आणि त्यातून उष्णता निघते. शेंगांतील वाटाण्याचे श्वसन फार जोराचे असते, फ्लॉवरचे त्यामानाने कमी. दीड टन मिश्र मालासाठी दिवसाला ४ युनिट धरणे योग्य ठरेल. दार उघडल्यावर आत येणारी दमट हवा सुमारे ३ युनिट आणते, पण त्यासाठी दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असला पाहिजे. आतील पंखा, दिवा आणि काम करणारी माणसे यांचे मिळून आणखी ३ युनिट होतात.

बेरीज ३१ युनिट होते. हिशेबातील चुका आणि एखाद्या दिवशी जास्त येणारा माल यांसाठी थोडी वाढ धरून एप्रिलसाठी ३५ युनिट उष्णता काढावी लागेल, असे ठरवू.

३५ युनिट उष्णता काढायला ३५ युनिट वीज लागते का?

नाही. शीतयंत्र उष्णता निर्माण करत नाही, ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकते. त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे ते उष्णतेची दोन ते तीन युनिटे हलवते. बाहेर कडक ऊन असेल, तेव्हा हे प्रमाण साधारण २.३ पर्यंत उतरते आणि पावसाळ्यातील थंड हवेत २.६ च्या आसपास जाते. उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर पत्र्याच्या छताखाली कोंडला असेल किंवा त्याची जाळी धुळीने भरली असेल, तर ते २ च्याही खाली येऊ शकते.

एप्रिलसाठी ३५ भागिले २.३ म्हणजे सुमारे १५ युनिट. आतील पंख्याचे पावणेतीन आणि नियंत्रण, दिवा वगैरेंचे अर्धे युनिट मिळवले, की रोजची गरज साडेअठरा युनिट विजेची होते.

एक किलोवॅट पॅनेलपासून रोज किती युनिट मिळतात?

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी ४ युनिट धरण्याची पद्धत आहे. घराच्या छतावरील संचाला ती चालते, कारण तेथे एका महिन्यातील तूट दुसऱ्या महिन्यातील जादा विजेतून भरून निघते. कोल्ड रूमच्या बाबतीत ही सरासरी फसवी ठरते. ऑगस्टमध्ये खराब होणारा वाटाणा मार्चमधील उन्हाने वाचत नाही.

म्हणून प्रत्येक महिन्याची गरज त्याच महिन्याच्या उन्हाशी ताडून पाहावी लागते. आपल्या उदाहरणात दोनच महिने तपासले तरी पुरते. इन्व्हर्टर, तारा, धूळ आणि पॅनेल तापण्यामुळे होणारी घट वजा जाता एप्रिलमध्ये एका किलोवॅटमागे यंत्रापर्यंत साडेचार युनिट पोहोचतात, असे धरू. साडेअठरा भागिले साडेचार केल्यास ४.१ किलोवॅट पुरेसे वाटतात.

आता ऑगस्ट पाहू. बाहेरचे सरासरी तापमान २५ अंश, माल २४ अंशांवर येतो. भिंतींचे ६, मालाचे ११, श्वसनाचे ४, दाराचे अडीच आणि पंखा-दिव्याचे ३, अशी साडेसव्वीस युनिटांची बेरीज होते. वाढ धरून ३०. त्याला २.६ ने भागून पंख्याची व नियंत्रणाची वीज मिळवली, की पावणेपंधरा युनिट लागतात. म्हणजे गरज एप्रिलपेक्षा जवळजवळ चार युनिटांनी कमी झाली. मात्र ढगांमुळे एका किलोवॅटमागे जेमतेम २.८ युनिट मिळतात, आणि भागाकार ५.३ किलोवॅटवर जातो.

उन्हाळ्यात यंत्रावर ताण अधिक असतो, म्हणून उन्हाळ्याचाच हिशेब करावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे ऑगस्ट महिना संचाचा आकार ठरवतो. ५५० वॅटची ११ पॅनेल बसवली, तर ६ किलोवॅटचा संच होतो आणि ऑगस्टमधील सरासरी दिवशी १६-१७ युनिट मिळतात. गटाचा माल केवळ डिसेंबर ते मे या काळातच येत असता, तर साडेचार ते पाच किलोवॅटमध्येही काम झाले असते. म्हणूनच विक्रेत्याला गाठण्यापूर्वी आपल्या पिकांचे महिनावार वेळापत्रक कागदावर लिहून काढावे.

रात्री काय करायचे? बॅटरी घ्यावी की बर्फाचा साठा करावा?

ऊन मावळल्यानंतर सुमारे १५ तास खोली सांभाळावी लागते. त्या वेळात भिंतींतून सरासरी २५० वॅट, श्वसनाचे १५० आणि पंख्याचे १०० वॅट, असे मिळून ५०० वॅट उष्णता येते. रात्रभरात हे साडेसात युनिट होतात. ताजा माल मात्र दिवसा उन्हाच्या वेळेतच थंड करून झालेला असला पाहिजे. संध्याकाळी पाच वाजता ५०० किलो गरम माल आत टाकला, तर रात्रीचा हिशेब दुपटीपेक्षाही वर जातो.

बॅटरीचा मार्ग घेतल्यास साडेसात युनिट उष्णतेसाठी कॉम्प्रेसरला सव्वातीन युनिट आणि पंख्याला दीड युनिट, अशी सुमारे पाच युनिट वीज साठवावी लागते. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरली, तर सव्वासहा युनिटांची लागेल. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ती १० युनिटांची, म्हणजे ४८ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची घ्यावी लागेल. शिवाय काही वर्षांनी ती बदलावी लागते.

बर्फाच्या मार्गात दिवसाच्या जादा विजेवर पाणी गोठवून ठेवले जाते आणि रात्री पंखा त्या बर्फावरून हवा फिरवतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, त्यामुळे साडेसात युनिटांसाठी ८१ किलो बर्फ पुरतो. सगळे पाणी रोज पूर्ण गोठतेच असे नाही आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ ढगाळ निघू शकते, हे लक्षात घेऊन २०० लिटरचा साठा ठेवावा. पाणी गोठवण्यासाठी यंत्राला अधिक थंड चालावे लागते आणि त्यात रोज अर्धे-पाऊण युनिट जास्त खर्च होते. पंखा आणि नियंत्रणासाठी लहान बॅटरी तरीही लागतेच. ४८ व्होल्ट ५० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरते.

४ अंशांच्या खोलीसाठी आमचा कल बर्फाच्या साठ्याकडे आहे, कारण पाण्याची क्षमता वर्षानुवर्षे घटत नाही. मात्र शून्याच्या खाली काही साठवायचे असल्यास साध्या पाण्याचा बर्फ उपयोगी पडणार नाही.

कॉम्प्रेसर किती मोठा घ्यावा?

तो दिवसातून किती तास चालणार, यावर हे ठरते. ३५ युनिट उष्णता १६ तासांत काढायची असेल, तर २.२ किलोवॅट क्षमतेचे यंत्र चालते. केवळ सूर्यप्रकाशात, म्हणजे सात-आठ तासांत काढायची असेल, तर जवळजवळ ५ किलोवॅटचे, म्हणजे सुमारे दीड टनाचे यंत्र लागते. ग्रिडवर चालणाऱ्या कोल्ड रूमचे यंत्र तसेच उचलून सोलरला जोडले, तर पॅनेल कितीही वाढवली तरी दिवसाचे काम दिवसात संपत नाही. दुपारी वीज वाया जाते आणि रात्री खोली गरम होते.

क्षमता वाचताना ती कोणत्या तापमानाला दिली आहे, हे पाहणे आवश्यक आहे. घरगुती एसीच्या अटींवर ५ किलोवॅट लिहिलेले यंत्र खोलीतील हवा थंड करणारी कॉइल उणे ८ अंशांवर ठेवून चालवल्यास सुमारे ३ किलोवॅटच देते. म्हणून विक्रेत्याकडून “कॉइल उणे ८ अंश आणि कंडेन्सर ४५ अंश असताना किती किलोवॅट?” या प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे.

पॅनेल भरपूर असूनही कॉम्प्रेसर सुरू होताना संच बंद का पडतो?

थेट सुरू होणारा कॉम्प्रेसर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढतो. तेवढा झटका इन्व्हर्टरला सोसला नाही, तर तो बंद पडतो. यावर उपाय म्हणजे वेग हळूहळू वाढवणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर किंवा सॉफ्ट स्टार्टर. पंपासाठी मिळणारा सोलर ड्राइव्ह येथे आहे तसा वापरू नये. ढग आला की तो पंपाचा वेग अगदी खाली आणतो; पंपाला त्याने काही होत नाही, पण कॉम्प्रेसर ठराविक वेगाच्या खाली गेला तर त्याच्या आत तेल नीट फिरत नाही आणि तो लवकर निकामी होतो. तसेच कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पुन्हा सुरू होण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटांचा विलंब नियंत्रणात असलाच पाहिजे. ढगांच्या दिवशी दर मिनिटाला टकटक आवाज येत असेल, तर हा विलंब बसवलेला नाही, हे ओळखावे.

सलग तीन-चार दिवस सूर्यच दिसला नाही तर?

तेवढ्यासाठी पॅनेल किंवा बॅटरी वाढवत जाणे परवडणारे नाही. अशा दिवशी ताजा माल आत घेणे थांबवावे. ऑगस्टमध्ये केवळ साठलेला माल सांभाळायचा असेल, तर भिंती, श्वसन आणि पंखा मिळून १३ युनिट उष्णता होते आणि तिला सव्वाआठ युनिटांच्या आसपास वीज पुरते. अगदी अंधाऱ्या दिवशीही ६ किलोवॅटचा संच सहा-सात युनिट देतो. उरलेली तूट बर्फाचा साठा एक-दोन दिवस भरून काढतो. त्याहून जास्त दिवस गेल्यास महावितरणची जोडणी किंवा भाड्याचा जनरेटर हाताशी हवा, आणि त्यासाठी लागणारा बदलस्विच पहिल्या दिवसापासूनच बसवून घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर कोल्ड रूम परस्पर जोडू नये. तिच्यासाठी वेगळ्या वर्गवारीत स्वतंत्र जोडणी घ्यावी लागते.

पॅनेल न वाढवता गरज कमी करता येते का?

येते. त्यासाठी सर्वांत मोठ्या आकड्याला, म्हणजे मालासोबत येणाऱ्या उष्णतेला हात घालावा. पहाटे तोडणी करून माल सावलीत ठेवला आणि तो २८ ऐवजी २२ अंशांवर आत आला, तर ५०० किलोमागे सव्वातीन युनिट उष्णता वाचते. त्यामुळे रोज जवळजवळ दीड युनिट वीज वाचते, म्हणजे ऑगस्टमधील उन्हाच्या हिशेबाने अर्ध्या किलोवॅटचे, एका ५५० वॅट पॅनेलचे काम होते. बांधावर उन्हात दोन तास पडलेली क्रेट सरळ आत ठेवणे हे याच्या नेमके उलट आहे.

क्रेट भिंतीला चिकटवून किंवा कॉइलच्या तोंडाशी रचू नयेत. हवा मधून फिरली नाही, तर भिंतीवरचा तापमापक ४ अंश दाखवतो आणि थप्पीच्या मध्यभागी मात्र वाटाणा १२ अंशांवरच राहतो. मधल्या क्रेटमध्ये तापमापकाची काडी खुपसून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

याच खोलीत टोमॅटो, भेंडी, काकडी किंवा सीताफळ ठेवण्याचा मोह टाळावा. त्यांना ४ अंशांचा गारठा बाधतो, आणि सौर संच कितीही अचूक असला तरी माल काळा पडतो.

बर्फ तयार करण्याच्या यंत्राचा हिशेब वेगळा असतो का?

रीत तीच आहे. २८ अंशांचे एक किलो पाणी शून्यावर आणणे, गोठवणे आणि आणखी थोडे थंड करणे यांसाठी सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. गळती धरून हे ०.१५ युनिट उष्णता होते. येथे यंत्र अधिक थंड चालत असल्याने विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची दोनपेक्षा कमीच युनिटे हलतात. त्यामुळे १०० किलो बर्फाला सुमारे ८ युनिट वीज धरावी, २.८ युनिटांच्या महिन्यात त्यासाठी ३ किलोवॅट पॅनेल लागतील.

फरक पडतो तो लादीच्या जाडीमुळे. जाडी दुप्पट झाली, की गोठण्याचा वेळ चौपट होतो, कारण आधी तयार झालेला बर्फच आतील पाण्याची उष्णता अडवून धरतो. बर्फाच्या कारखान्यातील ११ इंच जाडीच्या मोठ्या लादीला सुमारे दोन दिवस लागतात, तर सहा सेंटिमीटर जाडीची लादी दोन-तीन तासांत गोठते. सौर यंत्राला दिवसाचे सात-आठच तास मिळतात, म्हणून पातळ लाद्या किंवा चुरा-बर्फ करणारे यंत्रच निवडावे.

संच बसवून झाल्यावर तो हिशेबाप्रमाणे चालतो की नाही, हे कसे तपासावे?

अंतिम रक्कम देण्यापूर्वी रिकाम्या खोलीची चाचणी घ्यावी. शीतयंत्राच्या वीजपुरवठ्यावर स्वतंत्र मीटर बसवावा, खोली ४ अंशांवर आणावी आणि माल न ठेवता, दार न उघडता २४ तास चालवावी. बर्फाचा साठा असल्यास चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी तो सारखाच गोठलेला असावा, नाहीतर आकडा चुकेल. आपल्या खोलीत एप्रिलमध्ये भिंतींचे ८ आणि पंख्याचे पावणेतीन युनिट उष्णता येते. २.३ ने भागून पंख्याची वीज मिळवल्यास मीटरवर सात-साडेसात युनिट दिसावेत. ११-१२ युनिट दिसले, तर भिंतींच्या पॅनेलच्या सांध्यांवरून आणि दाराच्या रबरावरून हात फिरवून पाहावा. जेथे बाहेरून गार किंवा ओलसर लागते, तेथून थंडी निसटत असते. सांधे कोरडे असूनही आकडा जास्त असेल, तर कंडेन्सरची हवा आणि गॅसचे प्रमाण तपासून घ्यावे.

सौर बाजूची चाचणी निरभ्र दिवशी घ्यावी, आणि त्या दिवशी कोल्ड रूमला पुरेसा भार असावा. वीज वापरणारे काही नसेल तर इन्व्हर्टर पॅनेलची पूर्ण वीज घेतच नाही, आणि चांगला संचही कमजोर दिसतो. एप्रिलमधील स्वच्छ दिवशी ६ किलोवॅट संचाने पंचवीस युनिटांच्या पुढे जायला हवे. आकडा कमी आल्यास सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता शेजारच्या झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडते का, हे प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. त्यानंतर दर महिन्याला मीटरचे दोन्ही आकडे आणि आत आलेल्या मालाचे वजन एका वहीत लिहून ठेवावे. दर १०० किलो मालामागे लागणारी वीज हळूहळू वाढू लागली, तर बिघाड माल खराब होण्याच्या बऱ्याच आधी लक्षात येतो.